रॅम्प आहे, पण वाट नाही

दिव्यांगांसाठी सरकारी कार्यालये सुगम करण्याची मुदत जून २०२२ मध्येच संपली. मात्र चुकीच्या मापाचा उतार, कुलूपबंद स्वच्छतागृह आणि ‘निधी नाही’ हे ठरलेले उत्तर यांपलीकडे अनेक कार्यालयांची मजल गेलेली नाही. कायदा अधिकाऱ्यांवर नेमकी कोणती जबाबदारी टाकतो आणि ती पाळली गेली की नाही हे नागरिकाला कसे ओळखता येईल, याचा हा वेध.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या उपनगरात एक विवाह नोंदणीने पार पडला. वधू व्हीलचेअर वापरणारी होती. नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. स्वाक्षरीसाठी खाली येण्याची विनंती कार्यालयाने मान्य केली नाही. अखेर वधूला दोन मजले उचलून न्यावे लागले. हा प्रकार तिने समाजमाध्यमांवर मांडल्यावर त्याची देशभर चर्चा झाली आणि तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

या प्रसंगात एक बाब मात्र फारशी चर्चेत आली नाही. विशेष विवाह अधिनियम १९५४ मधील आहे. त्याच्या कलम १२ नुसार विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा तेथून वाजवी अंतरावरील, दोन्ही पक्षांच्या पसंतीच्या अन्य ठिकाणी विवाह लावता येतो. त्यासाठी विहित अटी आणि जादा शुल्क आहे, इतकेच. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर येण्याची मुभा कायद्यात जवळपास सत्तर वर्षांपासून होती. इमारतीला लिफ्ट नसणे ही एक त्रुटी होती. उपलब्ध मुभा न वापरणे ही दुसरी त्रुटी, आणि ती दूर करण्यासाठी एक रुपयाही लागणार नव्हता.

दिव्यांगांच्या सुगम्यतेचा प्रश्न या दोन त्रुटींमध्ये विभागलेला आहे. पहिली दगडविटांची, दुसरी कामकाजाच्या पद्धतीची. प्रशासन बहुधा पहिलीचे कारण पुढे करून दुसरीची जबाबदारी टाळते. कायद्याने मात्र दोन्ही जबाबदाऱ्या स्वतंत्रपणे टाकल्या आहेत.

‘ऐपतीनुसार’ हा शब्द गेला

अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा १९९५ मध्ये संमत झाला आणि फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. सार्वजनिक इमारतींत रॅम्प, व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी योग्य स्वच्छतागृहे, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा आणि ध्वनिसूचना हे सारे त्यातही होते. परंतु त्या तरतुदीच्या आरंभीच ‘आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत’ अशी शब्दयोजना होती. पैसे नाहीत असे सांगण्याची सोय कायद्यानेच करून दिली होती, आणि पुढची वीस वर्षे तिचा पुरेपूर वापर झाला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा त्याच्या जागी आलेला कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. इमारतींसंबंधीच्या त्याच्या कलम ४५ मध्ये ही ऐपतीची अट नाही. सर्व विद्यमान सार्वजनिक इमारती, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम केल्या ‘पाहिजेत’, असे ते कलम सांगते. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. त्या हिशेबाने मुदत जून २०२२ मध्ये संपली. राज्याची तयारी आणि अन्य बाबी पाहून केंद्राला प्रकरणपरत्वे मुदतवाढ देता येते. पण मुदतवाढ राज्याला मिळते. एखाद्या कार्यालयप्रमुखाने ती स्वतःच गृहीत धरायची नसते.

याच कलमाचा दुसरा भाग महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांनी आपल्या इमारतींसाठी, तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णालये, शाळा, बसथांबे अशा अत्यावश्यक सेवांच्या जागांसाठी, प्राधान्यक्रम ठरवून कृती आराखडा तयार करावा आणि तो प्रसिद्ध करावा, असे त्यात म्हटले आहे. प्रसिद्ध करावा, हा शब्द महत्त्वाचा. आराखडा फाइलमध्ये असणे पुरेसे नाही, नागरिकाला तो पाहता आला पाहिजे.

नव्या इमारतींसाठी कलम ४४ आहे. नियमांशी सुसंगत नसलेल्या नकाशाला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि बांधून झालेली इमारत नियमानुसार नसेल तर तिला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, तिचा ताबाही घेता येत नाही. म्हणजे २०१७ नंतर उभ्या राहिलेल्या एखाद्या शासकीय इमारतीत व्हीलचेअर जात नसेल, तर तेथे फक्त रॅम्प चुकलेला नाही. नकाशा मंजूर करणाऱ्याची आणि दाखला देणाऱ्याची अशा दोन स्वाक्षऱ्याही चुकलेल्या आहेत.

उताराचे गणित

‘आमच्याकडे रॅम्प आहे’ हे विधान शासकीय अहवालांत सर्वत्र आढळते. तो रॅम्प वापरता येतो का, हा रकाना मात्र बहुधा नसतो. वास्तविक याचे उत्तर मोजपट्टीने दोन मिनिटांत मिळते.

केंद्र सरकारची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सुधारली गेली. त्यांत आणि राष्ट्रीय इमारत संहितेत सामान्य उतारासाठी एकास बारा हे प्रमाण आहे. जितकी उंची चढायची, तिच्या किमान बारापट लांबीचा उतार हवा. पाऊण मीटरहून अधिक उंची असल्यास उतार आणखी सौम्य, म्हणजे एकास पंधरा असावा.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. तहसील कार्यालयासारख्या इमारतीच्या जोत्याला चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटरची आहे. एकूण उंची ६० सेंटिमीटर झाली. तिच्या बारापट म्हणजे ७ मीटर २० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. एवढ्या उंचीच्या उताराला सुमारे दर पाच मीटरवर विसाव्यासाठी सपाट जागा लागते. ती दीड मीटरची धरली तर लांबी ८ मीटर ७० सेंटिमीटर होते. उताराच्या पायथ्याशी आणि माथ्यावर खुर्ची वळवण्यासाठी आणखी दीड-दीड मीटर मोकळी जागा हवी. एकूण सुमारे पावणेबारा मीटर झाले. रुंदी दीड मीटर, आणि दोन्ही बाजूंना हात धरायला कठडे.

जागेवर बहुधा वेगळे घडते. अभियंता आधी पायऱ्यांची उंची मोजत नाही, तर पायऱ्यांच्या बाजूला किती जागा उरली आहे ते पाहतो. तीन मीटर उरली असेल तर तीन मीटरचा उतार बांधला जातो. कंत्राटदाराचे देयक निघते, मोजमाप पुस्तकात ‘रॅम्प एक’ अशी नोंद होते आणि छायाचित्र अहवालाला जोडले जाते. हा उतार एकास पाचचा असतो.

एकास बारा आणि एकास पाच यांतला फरक कागदावर किरकोळ वाटतो. हातांना तो कळतो. खुर्ची आणि बसलेली व्यक्ती यांचे वजन मिळून १०० किलो धरले, तर एकास बाराच्या उतारावर खुर्ची मागे घसरू नये एवढ्यासाठीच सुमारे आठ किलो वजन पेलण्याइतका जोर सतत लावावा लागतो. एकास पाचवर तो सुमारे वीस किलो होतो, आणि तोही प्रत्येक वेळी चाक सोडून पुन्हा पकडण्याच्या क्षणासह. शिवाय इतक्या चढावर वजनाचा भार मागच्या चाकांपलीकडे सरकतो आणि खुर्ची मागे उलटण्याचा धोका निर्माण होतो. उतरताना परिस्थिती अधिकच बिकट असते. खुर्चीचा वेग तळहातांनी आवरावा लागतो आणि उताराच्या टोकाशी बहुधा दुचाकी उभ्या असतात.

माप बरोबर असूनही उतार निकामी ठरल्याची उदाहरणेही कमी नाहीत. माथ्यावर दरवाजाचा उंबरठा तसाच राहतो. १२ मिलिमीटरपेक्षा उंच उंबरठ्यावर पुढची लहान चाके अडतात. पायथ्याशी पावसाळी गटारावर लोखंडी जाळी असते आणि तिच्या फटी चालण्याच्या दिशेने असल्या तर तीच चाके त्यात रुततात. उतारावर गुळगुळीत ग्रॅनाइट बसवले जाते आणि जूनच्या पहिल्या सरीत त्यावर कुबडी घसरते. कठडा उतार संपतो तिथेच संपतो. तो पुढे-मागे ३० सेंटिमीटर असायला हवा, कारण तोल सावरण्याची गरज नेमकी चढ सुरू होतो आणि संपतो तिथेच असते.

जागाच नसेल तर काय, हा प्रश्न रास्त आहे. उतार सरळच असला पाहिजे असे नाही. मधल्या सपाट जागेवर तो वळवून दोन पदरी करता येतो. कित्येक जुन्या इमारतींत मागच्या किंवा बाजूच्या दाराशी जोते कमी उंच असते. तेथे एकच पायरी असेल तर १ मीटर ८० सेंटिमीटरचा उतार पुरतो. अशा वेळी त्या दाराचा फलक मुख्य प्रवेशद्वाराशी लावणे आणि ते दार कार्यालयीन वेळेत उघडे ठेवणे आवश्यक ठरते. कुठे उभा सरकणारा छोटा उचलयंत्राचा मंच बसवावा लागतो. थोडक्यात, जागेची अडचण हे दुसरा मार्ग शोधण्याचे कारण आहे. एकास पाचचा उतार बांधण्याचे नव्हे.

दारापासून खिडकीपर्यंत

नागरिक कार्यालयात येतो तो दारापर्यंत पोहोचण्यासाठी नव्हे. त्याला दाखला, परवाना किंवा नोंदणी हवी असते. त्यामुळे वाहनतळापासून संबंधित खिडकीपर्यंत आणि तेथून स्वच्छतागृहापर्यंतची वाट सलग हवी. या साखळीची एक कडी तुटली की बाकीचा खर्च वाया जातो.

दरवाजा उघडल्यावर मिळणारी मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी. दुहेरी फळीच्या जुन्या दरवाजात एकच फळी उघडी ठेवण्याची प्रथा असते, आणि तेथेच खुर्ची अडते. दुसरी फळी उघडायला अंदाजपत्रक लागत नाही. अर्ज स्वीकारणारी खिडकी उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असते. खुर्चीतील व्यक्तीला आतील कर्मचारी दिसतच नाही. किमान एका खिडकीचा ओटा ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीचा आणि खाली गुडघे जातील असा मोकळा हवा. ते होईपर्यंत दालनात एक साधे टेबल मांडूनही काम चालते.

स्वच्छतागृहाची कथा बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. सुगम स्वच्छतागृहासाठी सुमारे २ मीटर २० सेंटिमीटर बाय २ मीटरची जागा, आत खुर्ची वळवण्याइतका मोकळा भाग, भांड्याच्या बाजूला आधारदांडे आणि बाहेर उघडणारे किंवा सरकते दार अपेक्षित आहे. दार बाहेर का उघडावे, यामागे कारण आहे. आत कोणी पडले आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या व्यक्तीच्या शरीरामुळेच ते अडते आणि मदत पोहोचत नाही. एवढे सारे बांधून झाल्यावर त्या खोलीला कुलूप लागते, किल्ली शिपायाकडे जाते आणि काही महिन्यांत आत जुन्या फाइलींचे गठ्ठे, झाडू आणि मोडक्या खुर्च्या येतात. व्हीलचेअर वापरणारे अनेकजण सरकारी कामासाठी निघण्यापूर्वी सकाळपासून पाणी पिणे टाळतात, त्याचे कारण हे कुलूप आहे.

सुगम्यता केवळ चाकाच्या खुर्चीपुरती नाही. २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि त्यांतली अनेक डोळ्यांना दिसत नाहीत. रांगेचा क्रमांक केवळ पडद्यावर झळकत असेल तर अंध व्यक्तीला तो कळत नाही. केवळ नाव पुकारले जात असेल तर कर्णबधिर व्यक्ती बसून राहते आणि तिची पाळी निघून जाते. क्रमांक दिसला पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे, हा त्यावरचा सोपा नियम आहे. फरशीवरील पिवळ्या स्पर्शलाद्यांचेही असेच आहे. उभ्या रेषांची लादी ‘पुढे चला’ म्हणते, ठिपक्यांची लादी ‘थांबा, पुढे पायरी किंवा वळण आहे’ असे सांगते. नक्षी म्हणून दोन्हींची सरमिसळ केली, किंवा रेषांची पट्टी थेट खांबावर नेऊन सोडली, की मार्गदर्शक पट्टीच सापळा होते.

ऑनलाइन झाले, म्हणजे सुटले?

‘आता सेवा ऑनलाइन आहेत, कार्यालयात यावेच लागत नाही’ हे उत्तर अलीकडे वारंवार दिले जाते. ज्याला संगणक दिसत नाही त्याच्यासाठी हा जिना वेगळ्या प्रकारचा आहे. अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली वापरतात. स्वाक्षरी-शिक्क्यासह स्कॅन करून चढवलेले परिपत्रक हे तिच्या दृष्टीने एक चित्र असते. त्यातले एक अक्षरही तिला वाचता येत नाही. वाकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारी चौकट ध्वनिपर्यायाशिवाय असेल, तर अर्ज तिथेच थांबतो.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निर्णय दिला. ओळख पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटण्याची अट अंध व्यक्तींना आणि ॲसिड हल्ल्यात डोळे-चेहरा गमावलेल्यांना पूर्ण करता येत नाही, अशी ती प्रकरणे होती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि पडताळणीच्या पर्यायी पद्धती देण्याविषयी निर्देश दिले. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून नागरिकाला परत पाठवणाऱ्या प्रत्येक खिडकीला या निर्णयातून बोध घेता येईल.

इमारत बदलेपर्यंत काय?

कायद्यात ‘वाजवी समायोजन’ ही संकल्पना आहे. विशिष्ट व्यक्तीला तिचा हक्क इतरांच्या बरोबरीने बजावता यावा म्हणून करावयाचा आवश्यक आणि योग्य बदल, असा तिचा अर्थ; अट एवढीच, की त्या बदलाचा अवाजवी भार पडू नये. सुगम्यता आणि समायोजन यांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. सुगम्यता ही कोणी येण्याआधीच, सर्वांसाठी करून ठेवायची तयारी आहे. समायोजन हे समोर आलेल्या व्यक्तीसाठी, तिच्या गरजेनुसार करायचे असते. एक दुसऱ्याला पर्याय नाही. लिफ्टचे काम मंजुरीत अडकले असेल, तरी अधिकाऱ्याने खाली येण्याचे कर्तव्य अडकत नाही.

ही कल्पना परदेशातून आलेली किंवा अलीकडची आहे, असा समज असेल तर तो नोंदणी अधिनियम, १९०८ वाचून दूर होईल. शारीरिक दुर्बलतेमुळे धोका किंवा गंभीर गैरसोय पत्करल्याखेरीज ज्या व्यक्तीला नोंदणी कार्यालयात हजर राहता येत नाही, तिला कलम ३८ नुसार प्रत्यक्ष हजेरीतून सूट आहे. अशा व्यक्तीच्या घरी नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः जावे किंवा तिची तपासणी करण्यासाठी आयोग नेमावा, असे ते कलम सांगते. तेथे ‘जाता येईल’ असे नाही, ‘जावे’ असे आहे. शंभर वर्षांहून जुनी ही तरतूद घर, जमीन, मृत्युपत्र अशा दस्तांना लागू आहे. तरीही लिफ्ट नसलेल्या इमारतीतील दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायथ्याशी वृद्ध किंवा अपंग पक्षकाराला खुर्चीत बसवून वर चढवण्याची धडपड करणारे नातलग दिसतात. अनेकदा त्यांना या तरतुदीची कल्पना नसते आणि कोणी ती सांगतही नाही.

कार्यालयप्रमुखाला स्वतःच्या अधिकारात करता येण्याजोग्या गोष्टी यातूनच निघतात. ज्या सेवेसाठी नागरिकाला स्वतः यावे लागते, ती तळमजल्यावर आणणे ही पहिली. अभिलेख आणि लेखाशाखा वर गेली तरी बिघडत नाही. ते शक्य नसेल तर तळमजल्यावर एक टेबल ठेवून, विनंती येताच कोणत्या पदाच्या कर्मचाऱ्याने खाली यायचे हे लेखी कार्यालयीन आदेशाने ठरवणे ही दुसरी. आदेश लेखी हवा. अन्यथा सोय एखाद्या सहृदय लिपिकाच्या बदलीबरोबर संपते. आणि या सोयीची माहिती प्रवेशद्वाराशी, दूरध्वनी क्रमांकासह लावणे ही तिसरी. वर बसलेल्या अधिकाऱ्याला खाली कोणी आले आहे हे कळण्याचा मार्गच नसेल, तर आदेशाचा उपयोग शून्य ठरतो.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. व्यक्तीला उचलून नेणे हे समायोजन नव्हे. अननुभवी हातांनी उचलताना पडण्याचा आणि मणक्याला इजा होण्याचा धोका असतो, आणि प्रौढ नागरिकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्याहून मोठा असतो. ‘आमचे शिपाई उचलून आणतील’ हे उत्तर सौजन्याचे वाटले, तरी कर्तव्यपूर्तीचे नाही.

न्यायालयाने दाखवलेली फट

एवढा स्पष्ट कायदा असताना अंमलबजावणी का अडखळली, याचे एक कारण ८ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून पुढे आले. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याने सार्वजनिक ठिकाणांच्या सुगम्यतेसाठी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर न्यायालयाने २०१७ मध्ये कालबद्ध निर्देश दिले होते. त्यांचे पालन कितपत झाले, हे तपासताना नियमांमधील दोष समोर आला.

अधिनियम म्हणतो, सुगम्यतेचे नियम बंधनकारक असावेत. पण त्याखालील नियम १५ ने वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले आणि त्या तत्त्वांतील भाषा बरीचशी ‘करता येईल’, ‘असणे इष्ट’ अशी होती. त्यामुळे मूळ कायद्यातील सक्ती खालच्या पायरीवर येईपर्यंत शिफारस झाली होती. नियम १५(१) हा मूळ अधिनियमाच्या विरोधात जातो, असे न्यायालयाने ठरवले. ज्यांत तडजोड होऊ शकत नाही अशी किमान मानके वेगळी काढून ती बंधनकारक करावीत, असा आदेश केंद्राला दिला आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत घातली. त्या मानकांचे पालन न करणाऱ्यांचे पूर्णत्वाचे दाखले रोखणे आणि दंड आकारणे हे परिणामही न्यायालयाने नमूद केले.

या निकालाचा सोयीस्कर अर्थ लावण्यास मात्र वाव नाही. दोष सापडला तो नियमात. पाच वर्षांत इमारती सुगम करण्याचे कलम ४५ मधील कर्तव्य त्यामुळे पुसले जात नाही.

दाद कोणाकडे?

जबाबदारी अनेकांची असली की ती कोणाचीच राहत नाही, हा प्रशासनातील जुना अनुभव आहे. कार्यालयप्रमुख म्हणतो इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची. तो विभाग म्हणतो मागणीपत्रच आले नाही. आणि इमारत भाड्याची असेल तर दोघेही घरमालकाकडे बोट दाखवतात. म्हणून तक्रार करताना ‘रॅम्प नाही’ एवढेच न लिहिता, कोणती सेवा, कोणत्या दिवशी, कोणत्या अडथळ्यामुळे मिळाली नाही, हे लिहिणे उपयुक्त ठरते. पायऱ्यांची संख्या, प्रत्येकीची उंची आणि उताराची लांबी मोजून छायाचित्रासह जोडली, तर ‘रॅम्प उपलब्ध आहे’ या उत्तराने अर्ज निकाली काढता येत नाही.

पहिला अर्ज कार्यालयप्रमुखाकडे करून पोच घ्यावी आणि त्यात दोन मागण्या वेगळ्या कराव्यात : सेवेची तातडीची सोय आणि इमारतीतील कायमचा बदल. दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा असू शकतो. दहा रुपये शुल्क भरून कलम ४५(२) खालील कृती आराखड्याची प्रत, त्यात या इमारतीचा क्रम आणि त्यावरील तरतूद व खर्च विचारता येतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. आराखडाच नाही, असे उत्तर आले तर तोच पुढील तक्रारीतील सर्वात भक्कम पुरावा ठरतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे शासनाचे धोरण आहे. ‘निधी नाही’ असे उत्तर आल्यास या रकमेचा हिशेबही मागता येतो.

यानंतरची पायरी म्हणजे पुणे येथील राज्य आयुक्त, दिव्यांग व्यक्ती यांच्याकडील तक्रार. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचे असते. शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणे त्याच मुदतीत आयुक्तांना आणि तक्रारदारालाही द्यावी लागतात. या व्यवस्थेची मर्यादाही येथेच आहे. आयुक्तांचे म्हणणे हे अखेर शिफारस असते, न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. अधिनियमाच्या कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु तो बसवण्यासाठी प्रकरण न्यायालयात उभे राहावे लागते. म्हणूनच कारणासह लेखी नकार मिळवणे महत्त्वाचे. पुढे उच्च न्यायालयात जायचे झाल्यास त्या एका कागदावर बरेच काही अवलंबून असते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या. त्यांतील प्रत्येकाला जन्माच्या दाखल्यापासून वारसनोंदीपर्यंत कधी ना कधी सरकारी खिडकीशी जावेच लागते. त्या खिडकीपर्यंतची वाट बांधायला काही महिने आणि अंदाजपत्रक लागेल. पण स्वाक्षरीची नोंदवही हाती घेऊन दोन जिने उतरायला एखाद्या अधिकाऱ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि ते न करण्यासाठी निधीच्या कमतरतेचे कारण देता येत नाही.